आयकर विभागाची ईमेलवर नोटीस: नक्की कोणाला, काय मागितलंय आणि कधीपर्यंत?

अनघा_मुलुंड | ११ डिसेंबर २०२४, रात्री ९:४०

मंडळी, जरा घाईत लिहितेय. आज संध्याकाळी लोकलमध्ये जुने मेल चाळताना आयकर विभागाचा एक मेल सापडला. आलाय ४ डिसेंबरला, म्हणजे आठवडाभर तो तसाच पडून होता. विषयात कलम १३९(९) आणि असेसमेंट इयर २०२४-२५ असं आहे. पॅनची सुरुवातीची दोन आणि शेवटचं एक अक्षर दिसतं, मधली झाकलेली आहेत. मेलमध्ये "डिफेक्टिव्ह रिटर्न" असा शब्द आहे आणि सोबत पीडीएफ जोडलेली आहे.

पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख, हे मला माहीत आहे. तीनदा टाकून बघितला, उघडत नाही. माझं रिटर्न जुलैमध्येच भरलंय, रिफंडही ऑगस्टमध्ये जमा झाला. कापलेल्या कराची नोंद दाखवणारं २६एएस एप्रिल २०२४ पासूनचं काढून बघितलं, त्यातही काही वावगं नाही. मग ही नोटीस कशाची? हा मेल खोटा असेल का?

बोरिवली_फास्ट | रात्री ९:५८

शंभर टक्के खोटा. रिफंड आल्यावर नोटीस कशी येईल? पासवर्ड चालत नाही हाच पुरावा. डिलीट करा, लिंकवर क्लिक करू नका. आणि समजा खरा असलाच तरी आयकराच्या नोटिशीला तीस दिवस मिळतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

शैला_दादर | रात्री १०:१५

मलाही मागच्या महिन्यात असाच मेल आला होता. उघडला तर कलम १४३(१) ची सूचना होती, खाली देय रक्कम शून्य. काहीच करावं लागलं नाही. तुमचंही तेच असेल, अनघा.

जुनी_वही | रात्री १०:५०

अनघा, मेल डिलीट करू नका. मी पस्तीस वर्षं कर सल्लागाराचं काम केलं, त्यातल्या निम्म्या घोळांची सुरुवात अशीच झालेली बघितली आहे. तीन गोष्टी तपासून सांगा.

पहिली, पाठवणाऱ्याचा पत्ता. वर दिसणारं नाव नको, ते कोणीही काहीही लिहू शकतं. फोनवर नावाला बोट लावलंत की पूर्ण पत्ता दिसेल. @ च्या पुढे `incometax.gov.in` किंवा `cpc.incometax.gov.in` एवढंच असायला हवं, त्याच्या मागेपुढे आणखी कुठला शब्द चिकटलेला नको.

दुसरी, पॅनचं शेवटचं अक्षर. ते तुमच्या कार्डाशी ताडून बघितलंत का?

तिसरी, तुमचा ईमेल आयडी घरात आणखी कोणाच्या आयकर खात्याला दिलेला आहे?

शैलाताई, तुमची १४३(१) आणि ही १३९(९) या वेगळ्या गोष्टी आहेत. १४३(१) म्हणजे रिटर्न तपासून झालं, हिशेब हा असा निघाला. १३९(९) म्हणजे रिटर्न अजून धड स्वीकारलेलंच नाही, त्यात अमुक दोष आहे, तो दुरुस्त करा. त्यामुळे तुम्हाला काही करावं लागलं नाही म्हणून अनघांनाही लागणार नाही, असं नाही.

अनघा_मुलुंड | रात्री ११:२०

काका, पत्ता तुम्ही लिहिलात तसाच आहे. आणि पॅन... शेवटचं अक्षर माझं नाहीच! बाबांचं आहे. त्यांचं आणि आईचं, दोघांचं खातं काढताना मीच माझा ईमेल दिला होता, कारण ते मेल बघत नाहीत. मेल माझ्या इनबॉक्समध्ये आला म्हणून तो माझाच, असं मी धरून चालले. बाबांचा पॅन आणि जन्मतारीख टाकल्यावर पीडीएफ लगेच उघडली.

जुनी_वही | रात्री ११:३५

म्हणजे "कोणाला" याचं उत्तर मिळालं. पासवर्ड चालला नाही याचा अर्थ मेल खोटा असाच होत नाही, कागद दुसऱ्याचा आहे असाही होतो. बाकीच्यांसाठी पासवर्डचा नमुना देतो, १ जानेवारी १९५८ ही जन्मतारीख धरून:

```
aaaaa0000a01011958
```

एकेका घरात एकाच ईमेलवर चार-चार पॅन असतात. त्यात एकत्र कुटुंबाचा, म्हणजे एचयूएफचा पॅन असेल तर गोंधळ आणखी वाढतो, कारण आडनाव तेच आणि कर्त्याचं नावही तेच. तिथे पॅनचं चौथं अक्षर बघायचं. व्यक्तीचा असेल तर P, एचयूएफचा असेल तर H. एचयूएफच्या पासवर्डला जन्मतारखेच्या जागी स्थापनेची तारीख लागते.

आता आतलं वाचा. पहिल्या पानावरचं इंग्रजी सगळ्यांना सारखंच असतं, कलमांचे उतारे असतात. तिथे अडकू नका. शेवटाकडे एक तक्ता असेल. त्यात चुकीचं वर्णन आणि त्याच्या शेजारी सुचवलेला उपाय असतो. तो तक्ता म्हणजेच खरी नोटीस. त्यातलं वाक्य इथे मराठीत लिहा. पॅन, नोटिशीचा ओळख क्रमांक म्हणजे डीआयएन, बाबांचं नाव इथे टाकू नका.

आणि नोटिशीवरची तारीख सांगा.

अनघा_मुलुंड | १२ डिसेंबर, सकाळी ७:५०

नोटिशीवर तारीख ४ डिसेंबर २०२४. तक्त्यात एकच ओळ आहे. "करदात्याने टीडीएसचं श्रेय घेतलं आहे, पण ज्या रकमेवर तो कापला गेला ती रक्कम उत्पन्नात दाखवलेली नाही", असा अर्थ लागतो. पैसे भरा असं कुठेच लिहिलेलं नाही. मुदत पंधरा दिवस.

बाबा निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनीअर आहेत, वय ६६. पेन्शन आणि एफडीचं व्याज, बास. आयटीआर-१ मीच भरलं होतं. आणि मी २६एएस परत बघितलं, बाबांचंही. एप्रिलपासून काहीच टीडीएस नाही!

बोरिवली_फास्ट | सकाळी ८:१०

चुकलो, खोटा मेल नव्हता. पण मुदतीचं मी खात्रीने सांगतो, माझ्या भावाला आलेल्या नोटिशीत तीस दिवस होते.

जुनी_वही | सकाळी ८:४५

तुमच्या भावाची बहुधा १४३(१)(ए) असेल. त्यात विभाग म्हणतो, आम्ही हा हा बदल करणार आहोत, मान्य आहे का सांगा. त्याला तीस दिवस असतात हे खरं. १३९(९) ला पंधराच. म्हणून कलमाचा आकडा आधी बघायचा, ऐकीव मुदत धरायची नाही.

अनघा, तुमचे दिवस मोजू. नोटीस ४ तारखेची. तो दिवस सोडून पुढचे पंधरा म्हणजे १९ डिसेंबर. तुम्ही मेल ११ ला वाचलात म्हणून मुदत ११ पासून सुरू होत नाही. आज १२. म्हणजे हातात आजचा धरून आठ दिवस आहेत. बाबांच्या खात्यात लॉगिन करून `Pending Actions` मध्ये `e-Proceedings` उघडा, तिथे उत्तराची शेवटची तारीख दिसेल. माझी मोजणी आणि ती तारीख वेगळी निघाली तर जी आधी येते ती धरा.

२६एएसमध्ये तुम्ही चुकीचं वर्ष बघताय. असेसमेंट इयर २०२४-२५ म्हणजे उत्पन्नाचं वर्ष २०२३-२४, एप्रिल २०२३ ते मार्च २०२४. तुम्ही बघितलंत ते चालू वर्ष. पुन्हा काढा आणि पेन्शन सोडून कुठे टीडीएस दिसतो, कोणत्या कलमाखाली, ते सांगा.

निनाद_ठाणेकर | सकाळी ९:३०

एवढी यातायात कशाला? चर्चगेटला आयकर भवनात जाऊन अधिकाऱ्यांना भेटा, समोरासमोर होऊन जाईल. माझे काका तेच करायचे.

जुनी_वही | सकाळी ९:४१

निनाद, ही नोटीस बंगळुरूच्या सेंट्रल प्रोसेसिंग सेंटरने काढलेली आहे. उत्तर पोर्टलवरच द्यायचं असतं. महर्षी कर्वे रोडला अर्ज देऊन आलात तरी पोर्टलवर नोटीस अनुत्तरितच दिसेल आणि १९ तारीख निघून जाईल.

अनघा_मुलुंड | रात्री ९:०५

सापडलं! १९४जे खाली एका खासगी कंपनीने १,८०,००० रुपयांवर १८,००० टीडीएस कापलाय. बाबांनी सहा महिने त्यांचे इमारतींचे आराखडे तपासून दिले होते. रिटर्न भरताना टीडीएसचे आकडे आपोआप आले, मी ते ठेवले, आणि १,८०,००० कुठेच लिहिले नाहीत. बाबा म्हणाले, "कर तर कापूनच दिलाय, मग परत कशाला लिहायचे?" मलाही ते पटलं होतं.

बाकी आकडे: पेन्शन ६,००,०००. व्याज ४५,०००, त्यावर टीडीएस नाही. नवी करप्रणाली घेतली होती. कर शून्य आला आणि १८,००० रिफंड मागितला होता.

पोर्टलवर शेवटची तारीख १९ डिसेंबरच दिसतेय.

शैला_दादर | रात्री ९:३०

बाबांचं म्हणणं आमच्याकडेही अस्संच होतं. कापला म्हणजे संपलं असंच वाटतं हो.

केदार_परळ | रात्री ९:५२

सोपं आहे. तेच आयटीआर-१ पुन्हा उघडायचं आणि "इतर उत्पन्न" मध्ये १,८०,००० टाकून पाठवायचं. दोष गेला. मी मागच्या वर्षी असंच केलं, काही प्रश्न आला नाही.

जुनी_वही | रात्री १०:४०

केदार, तुमच्या मार्गाने ही नोटीस बहुतेक मिटेल, पण अनघांच्या बाबांना तो महाग पडेल आणि बरोबरही नाही. व्यवसायातून मिळालेली फी "इतर उत्पन्न" नव्हे, आणि आयटीआर-१ मध्ये व्यवसायाचं उत्पन्न दाखवताच येत नाही.

हिशेब मांडून बघा. पेन्शन ६,००,०००, त्यातून प्रमाणित वजावट ५०,०००, राहिले ५,५०,०००. व्याज ४५,००० मिळवून ५,९५,०००. यात १,८०,००० अख्खे टाकले की ७,७५,०००. सात लाखांपर्यंतची सूट गेली. तीन ते सहा लाखांवर ५ टक्क्यांनी १५,०००, वरच्या १,७५,००० वर १० टक्क्यांनी १७,५००. एकूण ३२,५०० आणि ४ टक्के उपकर धरून ३३,८००. टीडीएस १८,००० वजा केला तरी १५,८०० भरावे लागतील.

आता दुसरा मार्ग. अभियांत्रिकी हा कलम ४४एडीए मधल्या व्यवसायांपैकी एक आहे. तिथे एकूण फीच्या निदान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते, वह्या ठेवाव्या लागत नाहीत. निम्मे म्हणजे ९०,०००. एकूण उत्पन्न ६,८५,०००. सात लाखांच्या आत, म्हणून कर शून्य आणि १८,००० चा रिफंड कायम. त्यासाठी फॉर्म आयटीआर-४ लागेल. नवी करप्रणाली आपसूक लागू असते, तिच्यात राहायला वेगळा फॉर्म भरावा लागत नाही.

एक मात्र नीट विचारून घ्या. बाबांचा प्रत्यक्ष खर्च किती झाला? कायद्याची भाषा "निम्मे किंवा त्याहून जास्त मिळाले असतील तर ते" अशी आहे.

केदार_परळ | रात्री ११:०५

माझं आयटीआर-१ मध्येच केलं होतं, पण तुमचं फॉर्मचं म्हणणं मान्य. मुद्दा वेगळा आहे. घरी बसून आराखडे तपासणाऱ्याचा खर्च काय होणार, वीज आणि प्रवास? मग खरा नफा दीड लाख नसेल का? ९०,००० दाखवणं योग्य कसं?

जुनी_वही | १३ डिसेंबर, सकाळी ७:३०

प्रश्न रास्त आहे. माझ्या ओळखीतले बरेच सल्लागार म्हणतात की ४४एडीएच्या अंदाजी पद्धतीत प्रत्यक्ष खर्च बघायचाच नसतो, निम्मे दाखवले की पुरे. काही जण तुमच्यासारखं म्हणतात. मी स्वतः अशिलाला खर्च विचारत असे आणि तो फारच कमी असेल तर जास्त नफा दाखवायला सांगत असे. इथे दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटतील.

अनघा_मुलुंड | सकाळी ८:१५

बाबांशी बोलले. त्यांनी त्या कामासाठी सॉफ्टवेअरचं वर्षाचं लायसन्स घेतलं होतं, आणि साइटवर पनवेलला भाड्याच्या गाडीने जायचे, बिलं आहेत. सगळं मिळून ८४,००० च्या आसपास खर्च निघतो. म्हणजे नफा ९६,०००. आम्ही ९६,००० च दाखवणार, एकूण ६,९१,००० होतात.

आता दोन प्रश्न. नोटीस विसरून ३१ डिसेंबरच्या आत सरळ सुधारित रिटर्न भरलं तर? आणि १९ तारीख हुकलीच तर नक्की काय होतं?

निनाद_ठाणेकर | सकाळी ९:००

सुधारित रिटर्नच भरा, माझ्या सीएने माझ्या वेळी तेच केलं होतं आणि नोटीस आपोआप बंद झाली.

जुनी_वही | दुपारी १:२०

निनाद सांगतात तसं घडलेलं मीही बघितलंय आणि नोटीस उघडीच राहिलेलीही बघितली आहे. सुधारित रिटर्न भरायला कायदा अडवत नाही. पण प्रश्न नोटिशीत विचारलाय, तर उत्तर नोटिशीच्याच रकान्यात देणं मला सुरक्षित वाटतं.

हुकली तर काय? उत्तर न दिल्यास मूळ रिटर्न अवैध धरलं जातं, म्हणजे भरलंच नव्हतं असं. मग ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येईल, पण उत्पन्न पाच लाखांवर असल्याने ५,००० रुपये विलंब शुल्क. ती तारीखही गेली तर पुढे उरतं ते अद्ययावत रिटर्न, आणि त्यात रिफंड मागता येत नाही. म्हणजे १८,००० वर पाणी. मुदतवाढीचा अर्ज करायची सोय कायद्यात आहे, उशीर माफही होऊ शकतो, पण ते अधिकाऱ्याच्या हातात. सहा दिवस असताना त्या भरवशावर राहू नका.

करायचं असं. बाबांच्या खात्यात `e-Proceedings` मधून त्या नोटिशीवर जा, दोष मान्य आहे असं निवडा. आयटीआर-४ भरताना रिटर्न कशाखाली भरताय तिथे `139(9)` निवडा. जुलैत भरलं तसं १३९(१) निवडू नका, सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. मूळ रिटर्नचा पोचपावती क्रमांक, नोटिशीचा क्रमांक आणि तारीख विचारतील, त्या पीडीएफवरून जशाच्या तशा उतरवा. टीडीएसच्या तक्त्यात १८,००० समोर उत्पन्नाची रक्कमही भरा आणि ती २६एएसशी जुळवा. उत्तर सादर केल्यावर ते मागे घेता किंवा बदलता येत नाही, म्हणून आधी दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. शेवटी ई-व्हेरिफाय करा. आधार ओटीपी बाबांच्या मोबाइलवर जाईल, तेव्हा ते घरी असताना बसा.

शैला_दादर | दुपारी ३:१०

काका, मध्येच विचारते. माझ्या सासऱ्यांचं ऑगस्टमध्ये निधन झालं. रिटर्न त्यांनी जुलैत स्वतःच भरलं होतं. आता त्यांच्या नावाने १३९(९) आलीय, तीही याच आठवड्यातली. नोटीस गेलेल्या माणसाला, मग उत्तर द्यायचं कोणी? आम्ही ती बाजूलाच ठेवली होती.

जुनी_वही | संध्याकाळी ५:४५

शैलाताई, वाईट वाटलं ऐकून.

बाजूला ठेवू नका. नोटीस त्यांच्या पॅनवर असली तरी आता ती त्यांच्या कायदेशीर वारसाला लागू होते. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, पण उत्तर त्यालाच द्यावं लागतं. वारसाने आधी स्वतःच्या पॅनने लॉगिन करून `Authorised Partners` मध्ये मृत व्यक्तीचा प्रतिनिधी म्हणून नोंदणीची विनंती करायची. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. मंजुरी मिळाली की सासऱ्यांच्या वतीने नोटीस उघडता येते. ही मंजुरी लगेच मिळेलच असं नाही, म्हणून विनंती आजच टाका. सासऱ्यांचा जुना पासवर्ड वापरून त्यांच्या नावाने उत्तर देऊ नका.

शैला_दादर | संध्याकाळी ६:०२

वारसाचा पुरावा म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे वारस दाखला अजून काढलेला नाही, बँकेच्या कामासाठी वकील बघतोय.

जुनी_वही | संध्याकाळी ६:३०

निवृत्तिवेतनाच्या कागदावर कुटुंबातल्या व्यक्तींची नावं असतील तर ते, किंवा बँकेने नॉमिनीबद्दल दिलेलं पत्र चालतं. तुमच्याकडे यातलं काय आहे ते बघा आणि विनंती टाकताना यादी समोर दिसेलच. मंजुरीआधी मुदत संपली तर पुढे काय करायचं हे तुमच्या वकिलांनाच विचारा, मी इथून सांगणार नाही.

बोरिवली_फास्ट | रात्री ८:२०

या धाग्यामुळे मी आईचं खातं उघडून बघितलं. तिथेही माझाच ईमेल आणि माझाच मोबाइल आहे. नोटीस नाही, पण बदलून टाकतो. काका, मेल खरा की खोटा हे पत्ता सोडून आणखी कशाने कळतं?

जुनी_वही | रात्री ८:४५

नोटिशीवर डीआयएन असतो, १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर तो घालतात. पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिन न करता, `Authenticate Notice/Order Issued by ITD` अशी लिंक आहे. तिथे डीआयएन आणि मोबाइल नंबर टाकून ओटीपी दिला की असं पत्र खरंच निघालंय का ते समजतं. मेलमधल्या लिंकवरून तिथे जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. ईमेल बदलताना आईसाठी मुख्य म्हणून तिचा आणि दुसरा म्हणून तुमचा ठेवा, म्हणजे मेल दोघांनाही येतील.

अनघा_मुलुंड | १५ डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

आज रविवार, बाबांना शेजारी बसवून केलं. दोनदा अडकलो. पहिल्यांदा सवयीने १३९(१) निवडलं गेलं, तुमचं वाक्य आठवून मागे गेले. दुसऱ्यांदा मूळ पोचपावतीचा क्रमांक टाकताना एक आकडा सुटला होता. बाबांनी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून २६एएसशी जुळवली. ओटीपी आला, व्हेरिफाय झालं. नोटिशीसमोर आता उत्तर सादर केल्याचं दिसतंय.

त्याच कंपनीने या वर्षीही बाबांना काम दिलंय. त्याचा टीडीएस अजून दिसत नाहीये, पण बाबांनी आजच एक वही केली आणि पहिल्या पानावर फीची रक्कम तारखेसह लिहिली.

केदार_परळ | रात्री ८:३०

अनघा, तुमचं वाचून माझं मागच्या वर्षीचं आयटीआर-१ उघडलं. फी २,१०,००० "इतर उत्पन्न" मध्येच आहे आणि त्यावर पूर्ण कर भरलाय. मी ग्राफिक डिझाइन करतो. काका, ते ४४एडीए मध्ये बसतं का?

जुनी_वही | रात्री ९:१०

ग्राफिक डिझाइनचं नाव त्या यादीत नाही, त्यामुळे चटकन हो म्हणणार नाही. तुमची कामाची बिलं आणि करार कसे आहेत ते बघावं लागेल. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.